वॉटरपोलो: बॉल हातात असताना फाऊल नाही, सोडला की फाऊल, असं का?

प्रश्न: "माझी मुलगी १३ वर्षांची आहे. चार वर्षं नुसती पोहत होती, या वर्षी वॉटरपोलोत गेली. परवा तिचा पहिला सामना बघितला आणि काहीच कळेना. तिच्या हातात बॉल होता तेव्हा समोरच्या मुलीने तिला सरळ पाण्याखाली दाबलं, पंच गप्प. नंतर बॉल सोडला तर नुसता हात लागला तरी शिट्टी. पुढे तिलाच कोपऱ्यात पाठवलं, का ते तिलाही सांगता येईना. आणि ते ३० सेकंदांचं घड्याळ मध्येच २० का दाखवायला लागतं? कुणी नीट समजावून सांगेल का?"

ताई, मी आधी खेळले, मग शिकवायला लागले, आणि गेली बरीच वर्षं स्पर्धांमध्ये शिट्टीही धरते. पोहण्यातून वॉटरपोलोत आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या घरचे पहिल्या सामन्यानंतर माझ्याकडे हेच विचारायला येतात. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात, पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: त्या क्षणी बॉल कुणाच्या हातात आहे. पंच सगळ्यात आधी तेच बघतो.

दाबण्यापासून सुरुवात करते, कारण आईवडिलांचा जीव तिथेच घाबरा होतो. ज्या खेळाडूने बॉल धरलेला आहे, तिला समोरच्या संघाने धरणं, मागे ओढणं, पाण्याखाली दाबणं हे सगळं नियमात बसतं. मारणं, लाथ घालणं किंवा मुद्दाम तोंडावर पाणी उडवणं बसत नाही, पण झोंबाझोंबी चालते. "धरलेला" याचा अर्थ नियमात बराच व्यापक आहे. बॉल उचललेला असायलाच हवा असं नाही, पाण्यावर तरंगणाऱ्या बॉलवर तळवा टेकलेला असला तरी तो धरलेलाच मानतात. तुमच्या मुलीचा हात बहुधा बॉलवरच होता, म्हणून पंचांनी काही केलं नाही. तिने हात काढला, बॉल तिच्यापासून वीतभर अंतरावर तरंगत राहिला, की त्याच क्षणी ती सुरक्षित झाली. आता तिला अडवलं तर फाऊल.

हे उलटं वाटतं हे मला मान्य आहे. पण पाण्यात पायाखाली जमीन नसते. बॉल हातात घेतलेल्या खेळाडूला कुणी हातच लावायचा नाही असा नियम असता, तर उंच मुलीने बॉल डोक्यावर धरायचा, सावकाश गोलपाशी जायचं आणि मारायचा, एवढाच खेळ उरला असता. म्हणून नियम खेळाडूला निवड देतो. बॉल धरून ठेवायचा तर अंगावर आलेलं झेलायचं. नियमाचं संरक्षण हवं तर बॉल सोडायचा. मी नव्या मुलांना पहिल्या महिन्यात हेच शिकवते: कुणी अंगावर आलं की बॉल पुढे पाण्यावर टाका आणि हात मोकळे दाखवा. मग अडवणारीवर शिट्टी वाजते आणि तुम्हाला फ्री थ्रो मिळतो, म्हणजे कुणी न अडवता बॉल पुढे खेळायची संधी.

बॉल घेऊन पोहणं हा यातला अपवाद आहे आणि पोहणाऱ्या मुलांच्या तो फार उपयोगी पडतो. डोकं वर ठेवून, दोन हातांच्या मधोमध बॉल पुढे ढकलत पोहतात त्याला ड्रिबल म्हणतात, आणि ड्रिबल करणं म्हणजे बॉल धरणं नव्हे. मागून येऊन तिच्या पायांवर किंवा पाठीवर चढून कुणी अडवलं तर तो फाऊल होतो. तुमची मुलगी वेगात पोहत असेल तर अशा जागी तिला बरेच फ्री थ्रो मिळतील.

आता त्या वारंवार वाजणाऱ्या शिट्ट्यांबद्दल. त्यातल्या बहुतेक साध्या फाऊलच्या असतात. बॉल सोडलेल्या खेळाडूला अडवणं किंवा ढकलणं, बॉलला एकदम दोन्ही हात लावणं, कुणी अंगावर आल्यावर बॉल पाण्याखाली नेणं, तळाला पाय टेकून खेळणं, हे त्यातले नेहमीचे. आपल्याकडचे बरेच तलाव एका टोकाला उथळ असतात, त्यामुळे शेवटचा प्रकार लहान मुलांच्या सामन्यात खूप दिसतो. गोलकीपरला तिच्या गोलसमोरच्या ६ मीटरच्या पट्ट्यात दोन हातांची आणि तळाची सूट असते, म्हणून तिला शिट्टी नसते आणि इतरांना असते. साध्या फाऊलची शिक्षा एवढीच की समोरच्या संघाला फ्री थ्रो मिळतो. तो कुणाच्या नावावर लिहिला जात नाही आणि त्याला मर्यादाही नाही. एखाद्या मुलीने एका सामन्यात असे दहा फाऊल केले म्हणून ती वाईट खेळली असं मुळीच नाही. चांगला बचाव करणारी मुलगी कधीकधी जाणूनबुजून साधा फाऊल करते, कारण तेवढ्या वेळात तिच्या संघातल्या बाकीच्या मुली परत जागेवर येतात.

मोठा फाऊल वेगळा. आमच्याकडे टँकवर मुलं त्याला "मेजर" म्हणतात. यात खेळाडूला २० सेकंद खेळाबाहेर, आपल्याच गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन थांबावं लागतं, आणि तेवढा वेळ तिच्या संघाला सातच्या जागी सहा जणींनी खेळावं लागतं. तुमच्या मुलीला नक्की कशासाठी पाठवलं ते सामना न बघता मी सांगू शकत नाही. पण पोहण्यातून आलेल्या मुलांना मेजर मिळण्याची दोनच कारणं मी पुन्हापुन्हा बघते.

पहिलं म्हणजे जिच्या हातात बॉल नाही तिला धरणं, दाबणं किंवा मागे ओढणं. नुसतं आडवं येणं हा साधा फाऊल. पण कॉस्च्युम, कंबर किंवा खांदा धरून मागे खेचलं की तो मेजर. दोन्हींतला फरक पंचाच्या नजरेवर असतो, आणि इथेच सगळ्यात जास्त वाद होतात. पाण्याखाली काय चाललंय ते पंचालाही पूर्ण दिसत नाही. तो वरच्या खुणा वाचतो: पुढे निघालेली मुलगी अचानक जागीच थांबली का, तिचे खांदे मागे गेले का, बचाव करणारीचे हात पाण्याच्या वर दिसतायत की नाहीत. म्हणून आम्ही मुलींना सांगतो, समोरची तुमच्या अंगाला टेकली की एक हात वर काढून दाखवा. तुम्ही गॅलरीतून मुलींना मधूनच हात वर करताना बघितलं असेल, ते यासाठीच असतं.

दुसरं कारण मुलांना खरोखरच कळत नाही, आणि तुमच्या मुलीलाही सांगता आलं नाही म्हणून मला याचाच जास्त संशय आहे. शिट्टी वाजते, समोरच्या मुलीला फ्री थ्रो मिळतो, आणि ही अजून जोरातच असते. सवयीने ती पुढे झेपावते, बॉल ढकलून देते किंवा फेकणारीच्या हातावर हात मारते. साध्या फाऊलचा तिथल्या तिथे मेजर होतो, कारण फ्री थ्रो घेऊ न देणं हा मोठा फाऊल आहे. पोहण्याच्या शर्यतीत शिट्टीनंतर मुलं सुटतात, इथे शिट्टीनंतर अर्धा मीटर मागे सरकायचं असतं. ही सवय बदलायला माझ्या अनुभवात तीन-चार महिने लागतात. सरावात मी मुलांना शिट्टी ऐकली की दोन्ही तळवे पाण्याबाहेर काढून मागे जायला लावते. दोघी जणी बॉलसाठी झटत असतात तेव्हाच्या क्षणात हे आठवावं म्हणून ते शरीरात बसवावंच लागतं, नुसतं सांगून भागत नाही.

कोपऱ्यातून परत कधी यायचं, यातही गोंधळ होतो. तीनपैकी जे आधी घडेल त्यावर परत येता येतं: २० सेकंद संपले, गोल झाला, किंवा आपल्या संघाने बॉल परत मिळवला. पण आपण होऊन यायचं नाही, काठावर सामन्याची नोंद ठेवणाऱ्यांच्या टेबलवरून झेंड्याची किंवा पंचाच्या हाताची खूण मिळाल्यावर यायचं. भिंतीला पाय लावून झेप घेत यायचं नाही. खुणेआधी आली तर आणखी शिक्षा होते. बाहेर जातानाही खेळाच्या मधून रेंगाळत जाऊन कुणाला अडवलं, तर थेट पेनल्टी मिळू शकते. माझ्या एका विद्यार्थिनीचं पहिल्या वर्षी असंच झालं. मेजर मिळाल्याचं तिला इतकं वाईट वाटलं की ती जागीच पंचांकडे बघत राहिली, तेवढ्यात समोरच्या संघाने पटकन पास दिला तो तिच्या हातावर आदळला, आणि आमच्यावर पेनल्टी झाली. त्यानंतर मी मुलींना एक गोष्ट पक्की सांगते: तुमच्याकडे बोट झालं की आधी बाजूला व्हा, काय झालं ते नंतर मला विचारा.

मेजर आणि पेनल्टीचे फाऊल मात्र टेबलवर प्रत्येकीच्या नावापुढे लिहिले जातात. तीन झाले की लाल झेंडा दिसतो आणि ती मुलगी उरलेला सामना खेळू शकत नाही. तिच्या जागी दुसरी येते. दोन झाल्यावर मी बहुतेक वेळा मुलीला बाहेर बसवते आणि शेवटच्या भागासाठी राखून ठेवते. तुमच्या मुलीला दुसऱ्या मेजरनंतर कोचने बाकावर बसवलं तर ती नाराजी नसते, तो हिशेब असतो.

आता घड्याळ. तुमच्या सामन्यातल्या हिशेबाने हल्ला करणाऱ्या संघाला बॉल मिळाल्यापासून ३० सेकंदांत गोलवर मारावं लागतं. नाही मारला तर भोंगा वाजतो आणि बॉल समोरच्यांना जातो. हाही साधाच फाऊल, कुणाच्या नावावर जात नाही. प्रत्येक शिट्टीला घड्याळ थांबतं आणि फ्री थ्रो हातातून सुटला की पुढे चालू होतं. साध्या फाऊलने घड्याळ मागे जात नाही. २० आकडा येतो तो तीन वेळा: हल्ला करणाऱ्यांनी मारलेला बॉल परत त्यांच्याच हाती आला तर, कॉर्नर मिळाला तर, आणि समोरच्या संघातल्या कुणाला मेजर मिळाला तर. मेजरच्या वेळी घड्याळावर २० पेक्षा जास्त उरले असतील तर ते तसेच चालू राहतात, कमी असतील तरच २० केले जातात.

एक प्रसंग सेकंदांसकट सांगते, म्हणजे सगळं एकत्र दिसेल. मागच्या मोसमातल्या मुलींच्या एका सामन्यातला आहे, मी पंच होते. पांढऱ्या टोप्यांचा हल्ला, घड्याळ ३० वर. बॉल त्यांच्या सेंटरकडे गेला. सेंटर म्हणजे गोलच्या अगदी समोर, गोलकडे पाठ करून थांबलेली खेळाडू. बॉल तिच्या पुढ्यात तरंगत होता, तिने अजून हात लावला नव्हता, आणि निळ्या टोपीच्या बचाव करणारीने तिच्या खांद्यावरून हात टाकून तिला अडवलं. साधा फाऊल, घड्याळ १७ वर थांबलं. सेंटरने फ्री थ्रो बाहेर दिला, घड्याळ पुन्हा चालू. ११ उरले असताना बॉल परत सेंटरकडे आला. ती पाय मारून पुढे सरकली, बॉल हाताच्या अंतरावर होता, आणि निळ्या मुलीने तिला कमरेला धरून मागे खेचलं. हा मेजर. मी तिच्याकडे बोट केलं, हात बाहेरच्या दिशेला नेला आणि बोटांनी तिच्या टोपीचा नंबर टेबलला दाखवला. ११ चे २० झाले.

आता दोन घड्याळं एकदम चालू झाली आणि प्रेक्षक इथेच चुकतात. हल्ल्याचं घड्याळ २०, आणि त्या मुलीच्या बाहेर राहण्याचे २०. पांढऱ्या मुलींनी बॉल फिरवून चौदाव्या सेकंदाला मारला. गोलकीपरचा हात लागून बॉल गोलशेजारून बाहेर गेला, म्हणजे कॉर्नर. हल्ल्याचं घड्याळ पुन्हा २० झालं. पण बाहेर बसलेल्या मुलीचे मात्र ६ सेकंदच उरले होते, ते बदलत नाहीत. ६ सेकंदांनी टेबलवरून झेंडा हलला आणि ती आत आली, तेव्हा हल्ल्याच्या घड्याळावर १४ होते. गॅलरीतून एक वडील ओरडले की ती लवकर आली. ती बरोबर वेळेवर आली होती, ते चुकीच्या घड्याळाकडे बघत होते. पुढचा फटका गोलकीपरने पकडला आणि निळ्यांचे नवे ३० सुरू झाले.

याच प्रसंगात सेंटर गोलकडे तोंड करून वळली असती आणि मारताना मागून कुणी अडवलं असतं, बॉलला नाही तर तिच्या अंगाला हात लागला असता, तर ६ मीटरच्या आत ती पेनल्टी ठरते. पंच तेव्हा पाचही बोटं वर दाखवतो, कारण पेनल्टी ५ मीटरवरून घेतात.

घड्याळाबद्दल आणखी एक, कारण यावरून मुलांना घरी बोलणी बसताना मी ऐकलं आहे. दोन-तीन सेकंद उरलेत, गोलची संधी नाही, आणि मुलगी बॉल लांब समोरच्या कोपऱ्यात फेकून देते. पालकांना वाटतं बॉल वाया घालवला. पण भोंगा होईपर्यंत बॉल तिच्याच हातात राहिला असता, तर समोरच्या मुलींनी तो तिथूनच घेऊन लगेच पलटवार केला असता. कोपऱ्यात टाकल्यामुळे त्यांना तिथपर्यंत जावं लागतं आणि आपल्या मुलींना परत जागेवर यायला वेळ मिळतो. कोचने सांगितलेलंच ती करत असते. आणि भोंग्याच्या आधी हातातून सुटलेला बॉल भोंग्यानंतर गोलमध्ये गेला, तर तो गोल धरतात.

हे सगळं सगळीकडे सारखं लागू होतं असं मात्र नाही. जागतिक संघटनेने २०२५ पासून हल्ल्याची ३० सेकंदांची वेळ २५ केली आहे, आणि मध्येच मिळणारी २० सेकंदांची वेळही कमी केली आहे. तुमच्या सामन्यात ३० आणि २० दिसले म्हणजे ती स्पर्धा आधीच्या हिशेबाने होती. पुढच्या स्पर्धेत आकडे वेगळे असू शकतात, तेव्हा कोचला आधी विचारून ठेवा. लहान वयोगटात काही ठिकाणी खेळाचे भागही आखूड ठेवतात. पंचांमध्येही फरक असतो. फाऊल दिल्याने उलट चूक करणाऱ्या संघाचाच फायदा होणार असेल, तर पंच शिट्टी रोखून खेळ पुढे चालू देऊ शकतो. समजा तुमची मुलगी एकटी गोलकडे सुटली आहे आणि मागून कुणी जरासं धरलं. शिट्टी वाजली तर तिचा वेग तुटतो, म्हणून मी अशा वेळी मुद्दाम थांबते. गॅलरीतून ते दुर्लक्ष वाटतं.

पुढच्या सामन्यात बॉलऐवजी थोडा वेळ पंचाचे हात बघा. शिट्टीनंतर एक हात हल्ल्याच्या दिशेला आणि दुसरा फ्री थ्रोच्या जागेकडे असेल, तर साधा फाऊल. एका मुलीकडे बोट करून हात बाहेरच्या दिशेला गेला, की मेजर. पहिल्या भागात थोडं गोंधळायला होईल, दुसऱ्या भागापासून तुम्हाला टेबलआधी कळायला लागेल.

दाबण्याची भीती राहतेच, म्हणून तेही सांगते. मुद्दाम मारलं, लाथ किंवा ठोसा घातला, तर तो वेगळाच गुन्हा आहे. त्या खेळाडूला उरलेल्या सामन्यासाठी काढतात, तिच्या संघाला ४ मिनिटं एक खेळाडू कमी घेऊन खेळावं लागतं आणि वर पेनल्टीही मिळते. मुलीला कुणी बॉल नसताना सतत दाबत असेल, तर तिने कोचला सांगावं आणि कोचने पंचाला. गॅलरीतून आरडाओरडा केल्याने पंच ते बघायला लागत नाही.

आणि सामन्याच्या दिवशी घरून निघताना दोन गोष्टी बघा. पंच प्रत्येकीची नखं तपासतात, वाढलेली असली तर कापल्याशिवाय उतरू देत नाहीत. पोहायला जाताना अंगाला खोबरेल तेल लावायची आपल्या घरांत सवय असते, ते त्या दिवशी लावू नका. अंगावर तेल चालत नाही, कारण निसटत्या अंगाला धरता येत नाही, आणि मग तिला सामन्याआधी घाईघाईने अंघोळीला पाठवावं लागतं. कॉस्च्युम नेहमीपेक्षा जरा घट्ट घ्या आणि बॅगेत एक जास्तीचा ठेवा, ओढाताणीत शिवण उसवते.